छोटं कॅप्शन की गोष्ट सांगणारं? छोट्या बेकरीच्या इन्स्टाग्रामसाठी पायरी-पायरीने

गेल्या डिसेंबरातली २३ तारीख. संध्याकाळी साडेसातला ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या बेकरीत वसंत विहारहून एक काका नातवाला घेऊन आले. हातात फोन, फोनवर आमचीच प्लम केकची पोस्ट. "ताई, हा अर्ध्या किलोचा एक द्या." केक नव्हता. बुकिंग २० तारखेलाच बंद झालं होतं आणि तसं मी पोस्टमध्ये लिहिलंही होतं. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "कुठे लिहिलंय, दाखवा बरं." मी `more` दाबलं आणि खाली खाली जात राहिले. संत्र्याच्या रसात भिजवलेले बेदाणे, साखर जाळून केलेला काळसर पाक, सासूबाईंचा जुना साचा, हे सगळं ओलांडल्यावर शेवटून दुसऱ्या ओळीत तारीख सापडली. काका काही बोलले नाहीत. नातवाला खारीचं पाकीट घेऊन दिलं आणि गेले.

रात्री ट्रे घासताना जाऊबाई म्हणाल्या, "अगं, एवढं लांब लिहायचंच कशाला?" मला ते पटलं. जानेवारीभर मी एका ओळीच्या वर काही लिहिलं नाही. खारी, बटर, लादी पाव व्यवस्थित जात होते. पण त्याच महिन्यात आम्ही नाचणीची नानकटाई सुरू केली होती आणि ती काचेच्या बरणीत तशीच पडून राहिली. एका ओळीत तिचा भाव दिसत होता आणि तो साध्या नानकटाईपेक्षा जास्त का, हे कुठेच दिसत नव्हतं.

म्हणजे डिसेंबरात लांब लिहून फसले आणि जानेवारीत छोटं लिहून. तेव्हापासून मी कॅप्शन किती मोठं हवं हे मनाच्या लहरीवर ठरवत नाही. नव्याने बेकरीचं पान चालवायला घेणाऱ्यांसाठी ते कसं ठरवते तेच इथे लिहिते आहे.

पायरी १: आठवडाभर काउंटरवरचे प्रश्न लिहून घ्या

फोन बाजूला ठेवा आणि गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच शब्दांत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्नही त्याच वहीत. पदार्थाचं नाव डावीकडे, प्रश्न उजवीकडे, एवढं पुरे.

आठवड्यानंतर वही चाळली की प्रश्नांचे दोन गट आपोआप पडलेले दिसतात. पहिला गट कधी, कुठे, कितीला, आहे का, अंड्याशिवाय आहे का. दुसरा गट का, कसं, कोणासाठी. आमच्या वहीत खारीसमोर "ताजी कधी येते?" आणि "पाव किलो कितीला?" एवढंच होतं. लादी पावासमोर "आज संपले का?" नाचणीच्या नानकटाईसमोर मात्र वेगळंच. "ही एवढी महाग का?" "पूर्ण नाचणीची आहे की मैदा घातलाय?" "बाबांना शुगर आहे, चालेल का?" "मागे एकीकडून आणली होती, घरी जाईपर्यंत भुगा झाला, तुमची होते का?"

निवड इथेच होते. ज्या पदार्थाला पहिल्या गटातले प्रश्न येतात त्याला छोटं कॅप्शन द्या. खारी म्हणजे काय हे ठाण्यात कोणाला सांगावं लागत नाही. गोखले रोडवरून स्टेशनकडे जाणाऱ्या माणसाला फक्त आज आहे की नाही हे हवं असतं. ज्याला दुसऱ्या गटातले प्रश्न येतात तिथे गिऱ्हाईक विकत घेण्याआधी थांबून विचार करतंय, आणि त्या थांबण्याला उत्तर द्यायला जागा लागते. तिथे लांब लिहा.

पदार्थ आवडता आहे म्हणून लांब लिहायचा मोह होतो. माझ्या प्लम केकचं तेच झालं. केकबद्दल मला सांगायचं खूप होतं, पण २० डिसेंबरच्या आसपास लोक विचारत होते ते "बुकिंग चालू आहे का?" एवढंच.

पायरी २: न उघडता काय दिसतं ते आपल्याच फोनवर बघा

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं. पण फीडमध्ये त्यातल्या सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, पुढचं `more` दाबल्यावर. इंग्रजीत लिहिणारे सांगतात की साधारण १२५ अक्षरं दिसतात. हा आकडा मराठीला लावू नका. 'नानकटाई' आपण पाच अक्षरं म्हणून वाचतो, पण संगणक काने आणि वेलांट्या वेगळ्या मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबाने ती सात होतात. 'क्रीम' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, त्याला पाच. शिवाय देवनागरी अक्षरांची रुंदीही वेगवेगळी. त्यामुळे मोजत बसण्यापेक्षा डोळ्याने बघणं बरं.

बघताना दोन गोष्टी लक्षात घ्या. फीडमध्ये कॅप्शनच्या आधी तुमच्या पानाचं नाव छापलं जातं आणि ते पहिल्या ओळीतली जागा खातं. पानाचं नाव लांब असेल तर पहिल्या ओळीत तुमच्या हातात चार-पाच शब्दच उरतात. दुसरं म्हणजे रील. रीलवर कॅप्शन व्हिडिओच्या खालच्या बाजूला एखाद्या ओळीपुरतंच डोकावतं. त्यामुळे लांब गोष्ट रीलखाली लिहू नका, ती फोटोच्या पोस्टसाठी राखून ठेवा. रीलला छोटंच द्या.

पोस्ट टाकल्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा. आमच्याकडे सासऱ्यांचा फोन आहे, त्यात अक्षर मोठं करून ठेवलंय. त्यांच्या फोनवर न उघडता कळलं तर सगळ्यांना कळेल. चुकलं असेल तर कॅप्शन नंतर बदलता येतं, पोस्ट काढून टाकायची गरज नसते.

एक नियम मात्र कॅप्शन छोटं असो की लांब, दोन्हींना सारखाच. तारीख, वेळ, भाव आणि 'अंड्याशिवाय' हे `more` च्या अलीकडे आलं पाहिजे. आमच्या भागात अंड्याचा प्रश्न इतक्या जणांचा असतो की ते उत्तर दडवून ठेवणं म्हणजे गिऱ्हाईक परत पाठवणं. हो, आणि ते खरं असेल तरच लिहा. एकाच भांड्यात आधी अंड्याचं मिश्रण फेटलं असेल तर आधी भांडं नीट धुवायचं आणि मगच तो शब्द लिहायचा.

पायरी ३: छोटं कॅप्शन

छोटं म्हणजे चमकदार, असा एक समज आहे. 'चव अशी की विसरणार नाही', 'प्रत्येक घासात प्रेम' असलं काहीतरी लिहिलं जातं. छोटं कॅप्शन माणसाला पावलं उचलायला लावण्यासाठी असतं, त्यामुळे त्यात पावलं उचलायला लागणारी माहिती हवी. मी चार गोष्टी घालते. काय आहे, त्याची एकच ठोस खूण, कधी आणि कितीला, आणि काय करायचं.

आधी मी खारीखाली लिहायचे:

"संध्याकाळच्या चहाची खरी मजा! कुरकुरीत खारी तुमची वाट बघतेय."

यात चुकीचं काही नाही, पण हे कुठल्याही बेकरीच्या खारीखाली चालेल आणि वाचून माणूस करणार काय? आता लिहिते:

"खारी ५ वाजता ट्रेमधून निघेल. बटरची, अंड्याशिवाय. पाव किलो १२० रु. ठेवायची असेल तर 'खारी' एवढंच मेसेज करा. पाचपाखाडी, ठाणे."

'बटरची' ही इथे ठोस खूण आहे. बाजारातली बरीचशी खारी वनस्पती तुपात किंवा मार्गरीनमध्ये होते, त्यामुळे बटर हा शब्द भावाचं कारण एका शब्दात सांगतो. आम्ही खरंच बटर वापरतो म्हणून लिहितो. ज्या आठवड्यात बटर मिळालं नाही त्या आठवड्यात तो शब्द काढला आणि भावही कमी केला.

'खारी एवढंच मेसेज करा' याचे दोन उपयोग. गिऱ्हाइकाला वाक्य जुळवत बसावं लागत नाही आणि तुम्हाला कळतं की हा माणूस पोस्ट वाचून आलाय. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपची लिंक पानाच्या वरच्या बायोमध्ये ठेवायची.

छोट्या कॅप्शनची वेळही महत्त्वाची. ५ वाजता खारी निघणार असेल तर पोस्ट तीन-साडेतीनला. आमची बरीच गिऱ्हाइकं लोकलने परतणारी आहेत. मुलुंड सोडताना फोन उघडला आणि दोन ओळींत काम झालं, की उतरल्यावर ती घराऐवजी आधी आमच्याकडे वळतात.

आणि हो, लोक शोधताना बहुतेक वेळा रोमन अक्षरांत टाइप करतात, `eggless nankhatai thane` असं. म्हणून कॅप्शनच्या अगदी शेवटी, कोणी वाचलं नाही तरी चालेल अशा जागी, मी ती एक ओळ रोमनमध्ये ठेवते. सगळं कॅप्शन दोन भाषांत लिहीत बसू नका. त्याने छोटं कॅप्शन उगाच लांब होतं आणि दोन्हीकडची माणसं अर्ध्यात सोडतात.

पायरी ४: लांब कॅप्शन, नाचणीच्या नानकटाईवर करून बघू

इथे जरा सावकाश जाऊ, कारण नवखी माणसं इथेच घसरतात. गोष्ट सांगायची म्हटलं की लगेच 'लहानपणी आजीच्या हातची' सुरू होतं. आजी खरंच नानकटाई करायची असेल तर जरूर लिहा. पण वहीत बघा, गिऱ्हाइकाने आजीबद्दल विचारलेलं नाही. त्याने विचारलंय की भुगा का होतो, मैदा आहे का, शुगरवाल्यांना चालेल का आणि भाव जास्त का. गोष्ट या चार प्रश्नांमधून गेली पाहिजे.

माझी पद्धत अशी. चारांपैकी जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय तो पहिल्या ओळीत, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. मग आपल्या ओट्यावर खरं घडलेलं एकच काहीतरी, ज्यात त्या प्रश्नाचं उत्तर आहे. मग उरलेल्या प्रश्नांची उत्तरं, सरळ. शेवटी घरी नेल्यावर उपयोगी पडेल अशी एक सूचना. आमच्याकडे घडलेलं असं होतं.

पहिल्या दोन बॅच आम्ही पूर्ण नाचणीच्या केल्या. ट्रेमध्ये त्या सुरेख दिसल्या. थंड झाल्यावर उचलायला गेलो तर बोटांत चुरा. कारण साधं आहे. नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणजे गव्हाच्या पिठासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पीठ एकमेकाला धरून राहत नाही. तिसऱ्या बॅचला दोन वाट्या नाचणीला एक वाटी कणीक घातली आणि थोडं बेसन. धरली, पण कच्च्या पिठाचा वास राहिला. मग जाऊबाईंनी नाचणीचं पीठ आधी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजलं, वास बदलेपर्यंत. वास गेला. मग भाजण्याचा गोंधळ. साधी नानकटाई कडेने गुलाबी झाली की निघाली, हे डोळ्यांना कळतं. नाचणीची मुळातच तपकिरी, रंगाने काही कळत नाही. एक उलटून तळ बघायचा, तळ वरच्यापेक्षा एक छटा गडद झाला की ट्रे बाहेर. आणि बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही, गरम असताना ती मऊ असते, थंड होतानाच घट्ट होते.

हे सगळं कॅप्शनमध्ये घालायचं नाही. आम्हाला ते माहीत असणं वेगळं आणि गिऱ्हाइकाला ते लागणं वेगळं. यातून मी ठेवलं ते असं:

"'नाचणीची नानकटाई घरी नेईपर्यंत भुगा होते.' आमचीही व्हायची. शनिवारी ११ पासून नवी बॅच, अंड्याशिवाय, पाव किलो १६० रु.

पहिल्या दोन बॅच पूर्ण नाचणीच्या केल्या होत्या. ट्रेमधून उचलताच बोटांत चुरा. नाचणीला चिकटपणा नसतो, ती एकटी उभी राहत नाही. म्हणून आता दोन वाट्या नाचणीला एक वाटी कणीक घालतो. मैदा नाही. नाचणी आधी मंद आचेवर भाजून घेतो, म्हणजे कच्च्या पिठाचा वास राहत नाही. भाजायला वेळ जातो आणि साजूक तूप साध्या नानकटाईएवढंच लागतं, म्हणून भाव थोडा जास्त आहे.

शुगर असलेल्यांसाठी बरेच जण विचारतात. यात साखर आहे. नाचणी आहे म्हणून शुगरला चालते असं आम्ही सांगणार नाही, डॉक्टरांना विचारून घ्या. कणीक असल्यामुळे गव्हाचं पथ्य असलेल्यांनाही ही चालणार नाही.

घरी नेल्यावर डबा भरताना खाली कागद पसरा आणि एकावर एक तीनच थर ठेवा.

हवी असेल तर 'नाचणी' असा मेसेज करा. पाचपाखाडी, ठाणे."

आता यातली एकेक गोष्ट बघा. पहिल्या दोन ओळींत प्रश्न आला आणि 'आमचीही व्हायची' म्हटल्यावर पुढे काय झालं हे जाणून घ्यावंसं वाटतं. पण वार, वेळ, अंडं आणि भाव हेसुद्धा तिथेच आले. म्हणजे ज्याला गोष्टीत रस नाही त्याचंही काम `more` न दाबता झालं. प्लम केकच्या वेळी मी नेमकं हेच केलं नव्हतं. तेव्हा वाटायचं की भाव आणि वेळ आधी सांगितली तर गोष्टीचा रंग जातो. तसं काही होत नाही.

शुगरवाला परिच्छेद लिहिताना जाऊबाई घाबरल्या होत्या. "आपणच नाही म्हणून सांगायचं?" पण तो प्रश्न वहीत अकरा वेळा आला होता. नाचणी म्हणजे पथ्याची, असं लोक धरून चालतात आणि आपण गप्प राहिलो तर त्यांचा गैरसमज आपण विकल्यासारखं होतं. खायच्या पदार्थाबद्दल आजाराला चालतो असा दावा बेकरीने करूच नये. हे लिहिल्यावर काही जणांनी घेतली नाही. ज्यांनी घेतली ते पुन्हा आले.

तीन थरांची सूचना मी मुद्दाम शेवटाकडे घातली आहे, त्याचा उपयोग पुढे सांगते.

लांबीबद्दल एक. वरचं कॅप्शन साधारण सव्वाशे शब्दांचं आहे. २,२०० अक्षरांत मराठीचे तीनशेच्या आसपास शब्द बसतात, पण मर्यादा आहे म्हणून भरायची नसते. एका कॅप्शनमध्ये एकच घडलेली गोष्ट ठेवा. दोन सुचल्या तर दुसरी पुढच्या पोस्टला. आणि परिच्छेदांमध्ये एक ओळ रिकामी सोडा, फोनवर सलग मजकूर डोळ्यांना भिंतीसारखा वाटतो.

गोष्ट मात्र खरी असू द्या. दुसऱ्या कोणाच्या पानावरची आजी उचलून आपल्या बेकरीत बसवणारी पानं मी पाहिली आहेत. गिऱ्हाईक समोर येऊन त्याच आजीबद्दल विचारतं तेव्हा काउंटरवरचा पोरगा गडबडतो. बेकरीचं तोंड रोज गिऱ्हाइकासमोर असतं, त्यामुळे खोटं फार दिवस टिकत नाही.

पायरी ५: सणाच्या वेळी दोन्ही वापरा, पण क्रमाने

एरवी आमचं प्रमाण आठवड्याला चार छोटी आणि एक लांब असं पडतं. लांब एकच, कारण वहीतून आठवड्याला एखादाच खरा 'का' निघतो. ओढूनताणून दुसरा काढला तर तो वाचणाऱ्याला कळतो.

सणाला लोकांचे प्रश्न दिवसागणिक बदलतात, त्यामुळे कॅप्शनही बदलावं लागतं. सुरुवातीला लोक 'कोणाकडून घ्यावा' या विचारात असतात, तेव्हा लांब. बुकिंगच्या शेवटच्या दिवसांत 'मिळेल का' या विचारात असतात, तेव्हा छोटं. यंदाच्या प्लम केकचं मी असं मांडलं आहे. ८ डिसेंबरला लांब पोस्ट, पहिल्या ओळीत "रम नसलेला प्लम केक कोरडा का लागतो?" हा दर वर्षीचा प्रश्न आणि "बुकिंग २० डिसेंबरपर्यंत", मग बेदाणे दोन दिवस संत्र्याच्या रसात फ्रिजमध्ये कसे भिजवतो ते. १५ ला छोटी, फक्त वजन आणि भाव. १९ ला छोटी, "उद्या रात्री ९ ला बुकिंग बंद". आणि २१ ला सकाळी ८ तारखेच्या पोस्टची पहिली ओळ बदलायची, "यंदाचं बुकिंग संपलं" असं सगळ्यात वर. जुनी पोस्ट लोकांसमोर नंतरही येत राहते, काकांसमोर तशीच आली होती.

लांब पोस्ट पानाच्या वर पिन करून ठेवता येते. अशा तीन पिन करता येतात. मी एकच ठेवते, ज्या पदार्थाबद्दल सध्या सगळ्यात जास्त 'का' येतोय त्याची.

पायरी ६: चाललं की नाही ते बघा

पानाचं खातं बिझनेसचं करून घेतलं की प्रत्येक पोस्टखाली आकडे दिसतात. किती जणांपर्यंत पोचली, किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी पुढे पाठवली. लाइककडे फार बघू नका, तो बऱ्याचदा फोटोला असतो. छोट्या पोस्टचं यश त्या दिवशी आलेल्या मेसेजात आणि संध्याकाळच्या रिकाम्या ट्रेमध्ये असतं. लांब पोस्टचं सेव्हमध्ये, पुढे पाठवण्यात आणि पुढच्या दोन आठवड्यांत येणाऱ्या माणसांत. दोघींना एकाच मापाने मोजलं तर लांब पोस्ट पहिल्या दिवशी नेहमी हरलेली दिसते आणि मग माणूस ती लिहिणंच सोडतो.

आकडे बघताना पोचलेल्या लोकांशी तुलना करा. समजा एक पोस्ट ८०० जणांपर्यंत पोचली आणि १६ जणांनी सेव्ह केली, दुसरी ३०० पर्यंत पोचली आणि १२ जणांनी. १६ मोठे वाटतात, पण पहिलीत शंभरातले दोन आहेत आणि दुसरीत चार. तरीसुद्धा एका जोडीवरून निकाल लावू नका. एखादा पावसाळी शनिवार किंवा क्रिकेटचा सामना एवढ्याने इतका फरक पडतो. तोच पदार्थ, तोच वार, साधारण तसाच फोटो, आणि कॅप्शन एकदा छोटं, एकदा लांब, असं चार-पाच वेळा झालं की कल दिसायला लागतो. इतक्या छोट्या बेकरीला त्याहून बारीक उत्तर मिळत नाही.

आकड्यांपेक्षा मला दोन खुणा जास्त कामाच्या वाटतात. कॅप्शनमध्ये असलेलीच गोष्ट खाली कमेंटमध्ये विचारली जातेय का, हे बघा. "किंमत?" "कुठे आहे?" "अंडं आहे का?" असं तीन-चार जणांनी विचारलं तर ती माहिती `more` च्या पलीकडे गेली आहे. कमेंटला उत्तर देऊन थांबू नका, कॅप्शनची पहिली ओळ बदला. तसंच 'भावासाठी मेसेज करा' असं लिहू नका. गिऱ्हाइकाला वाटतं की माणूस बघून भाव सांगताहेत.

दुसरी खूण ती तीन थरांची. लांब कॅप्शन कोणी शेवटपर्यंत वाचतं का, हे इन्स्टाग्राम सांगत नाही. म्हणून शेवटाकडे कुठेतरी अशी एक छोटी, उपयोगी गोष्ट ठेवायची जी फोटोत दिसत नाही, आणि मग काउंटरवर कान उघडे ठेवायचे. पहिल्या शनिवारी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या शनिवारी चरईतल्या एक मावशी स्टीलचा डबा घरूनच घेऊन आल्या, तळाला वर्तमानपत्राऐवजी पांढरा कागद कापून बसवलेला. "तीनच थर लावा हं," त्या म्हणाल्या, "आणि चौथ्याचं वेगळ्या पुडीत द्या." मी वहीत नाचणीसमोर तारीख घालून तेवढंच लिहून ठेवलं.